लोणच्याच्या बरणीचा भाव काढताना

आमच्या दहा जणींच्या बचत गटाने यंदा २० किलो कैरीचं लोणचं घातलं. सामानाला दोन हजारांच्या आसपास लागले. पाव किलोच्या ८० बरण्या झाल्या. चार-पाच फुटल्या, सांडल्या, चवीला गेल्या. बाकी सगळ्या ५० रुपयांनी खपल्या. तरी गटाच्या डब्यात काही उरलं नाही. आता तालुक्याचा दुकानदार माल मागतोय. भाव किती लावायचा आणि विकायचं कसं?

ताई, दोन हजार हा फक्त सामानाचा खर्च आहे. त्यात रिकामी बरणी नाही, लेबल नाही, कैरी आणायला केलेली रिक्षा नाही आणि तुम्हा बायकांच्या हातांची मजुरी तर नाहीच. २,००० भागिले ८० म्हणजे बरणी २५ रुपयांना पडली, ५० ला विकली, दामदुप्पट झाले, असा हिशेब बहुतेक गट करतात आणि तिथेच फसतात. म्हणून आधी तुमचीच खेप पुन्हा एकदा कागदावर मांडू. खालचे दर मी धरलेले आहेत. तुमच्या बाजारातले दर त्या जागी घाला. पद्धत तीच राहील.

सुरुवात कैरीपासून. २० किलो कैरी धुऊन, पुसून, देठ आणि बाठ काढून, डागी फोडी बाजूला केल्या की हातात साधारण १३ किलो फोडी राहतात. कैरी ४० रुपये किलोने घेतली तर ८०० रुपये झाले, पण लोणच्यात जाणारी फोड तुम्हाला साडेएकसष्ट रुपये किलोने पडली. हा आकडा दर खेपेला काढायचा. एखादा बागवाला ३५ रुपयांनी कैरी देतो म्हणून आपण खूश होतो, पण ती बाठ पक्की धरलेली असेल आणि १०० किलोत ५५ किलोच फोडी निघाल्या, तर तीच फोड साडेत्रेसष्टच्या पुढे जाते. स्वस्त कैरी महाग पडते ती अशी. घ्यायच्या आधी पाच कैऱ्या कापून, फोडी वजन करून बघा.

१३ किलो फोडींना मीठ सव्वादोन किलोला थोडं कमी, म्हणजे २ किलो २०० ग्रॅम धरू. मोहरीची डाळ १ किलो, तिखट ७०० ग्रॅम, हळद २००, मेथी १५०, हिंग १०० ग्रॅम आणि शेंगदाणा तेल साडेतीन किलो. मिठाचे ५५, मोहरीचे १८०, तिखटाचे २४५, हळदीचे ४०, मेथीचे १८, हिंगाचे १०० आणि तेलाचे ६३० रुपये धरले तर कैरीसकट सामान २,०६८ रुपयांचं झालं. तुमच्या वहीतला आकडा हाच.

आता वहीत नसलेलं. गॅस, मिक्सरची वीज आणि रिक्षा मिळून २३०. पाव किलोची काचेची बरणी झाकणासकट १५ रुपये, म्हणजे ८० बरण्यांचे १,२००. लेबल आणि झाकणावरचं सील मिळून साडेतीन रुपये, म्हणजे २८०. वीस-वीस बरण्यांचे चार खोके १६०. नुसतं बांधणीचं सामान १,६४० रुपये झालं. कैरीच्या दुप्पट पैसे बरण्या, लेबलं आणि खोक्यांवर गेले, हे बहुतेक गटांना पहिल्यांदा दिसतं तेव्हा धक्का बसतो.

इथवर खिशातून रोख गेले ३,९३८ रुपये. चार बरण्या वाया गेल्या असं धरलं तर ७६ बरण्या ५० रुपयांनी विकून आले ३,८००. म्हणजे तुमची मजुरी सोडाच, रोखीतच १३८ रुपयांची तूट आली. डबा रिकामा राहिला तो यामुळे.

मजुरीचं मात्र नीट बोलून घ्या, कारण गटात भांडणं होतात ती इथेच. धुणं-पुसणं, कापणं, मसाला भाजून दळणं, कालवणं, चार-पाच दिवस वर-खाली हलवणं, भरणं, पुसून लेबल लावणं, भांडी घासणं, हे सगळं धरून २० किलो कैरीला अंदाजे २४ तास जातात. तासाला ५० रुपये धरले तर १,२०० झाले. एक साधी वही भिंतीला टांगा: तारीख, नाव, किती वाजता आली, किती वाजता गेली. ज्या बाईने सहा तास अडकित्त्यावर कैऱ्या फोडल्या आणि जी फक्त लेबलं लावायला आली, त्यांना सारखे पैसे वाटले की पुढच्या खेपेला कैरी फोडायला कोणी येत नाही. तासांची मजुरी आधी चुकती करायची. त्यानंतर उरेल तो नफा, आणि तो गटाच्या खात्यात.

शेवटचा खर्च वर्षाचा: नोंदणीचं शुल्क, वजनकाट्याचं मुद्रांकन, पिंप, पातेली, खोलीचं भाडं असेल तर ते. वर्षाला १२,००० धरले आणि वर्षात ३० खेपा केल्या तर एका खेपेवर ४०० येतात. खेपा १० च झाल्या तर हेच ४०० चे १,२०० होतात, हे लक्षात ठेवा.

एकूण बेरीज ५,५३८ रुपये. ती ८० ने भागायची नाही, ७६ ने भागायची, कारण फुटलेल्या आणि चवीला वापरलेल्या बरणीचे पैसेही विकलेल्या बरणीतूनच निघतात. उत्तर येतं ७२ रुपये ८७ पैसे. तुमची पाव किलोची बरणी ७३ रुपयांना पडते.

आता दुकानदार. त्याच्याशी बोलताना तो कशावर टक्के धरतो हे आधी विचारा. समजा तो छापील किमतीवर २५ टक्के मागतो. गटाला ७३ वर थोडा नफा धरून हातात निदान ८१ रुपये यायला हवेत. इथे एक चूक नेहमी होते: ८१ चे २५ टक्के काढून त्यात मिळवतात आणि १०१ रुपये छापतात. दुकानदार मात्र १०१ चे २५ टक्के कापतो आणि तुमच्या हातात ७६ च येतात. नफा त्या एका गुणाकारात गेला. बरोबर हिशेब उलटा आहे: ८१ भागिले ०.७५, म्हणजे १०८. ११० रुपये छापा. त्यातून दुकानदाराला साडेसत्तावीस जातात, तुम्हाला साडेब्याऐंशी मिळतात आणि बरणीमागे साडेनऊ रुपये उरतात.

छापील किंमत एकदा ११० ठरली की गावातही तीच. शेजारणीला ७५ ला आणि दुकानात ११० ला, असं आठवडाभर चालतं. मग गिऱ्हाईक दुकानदाराला सुनावतं, “अहो, त्यांच्या घरी पाऊणशेला मिळतं,” आणि तो उरलेला माल परत पाठवतो.

“मग जत्रेत, प्रदर्शनात आपणच विकू, दुकानदाराचे साडेसत्तावीस वाचतील,” असं गटातली एखादी म्हणेलच. वाचतात, पण फुकट नाही. तीन दिवसांच्या प्रदर्शनाचा हिशेब करून बघा. स्टॉलचं भाडं १,५००, गाडीभाडं आणि जेवण ८००, दोघी जणी तीन दिवस बसल्या त्यांची रोजची ४०० प्रमाणे मजुरी २,४००. झाले ४,७००. थेट विक्रीत बरणीमागे ११० वजा ७३, म्हणजे ३७ रुपये सुटतात. ४,७०० भरून काढायलाच १२८ बरण्या लागतात. तुमच्याकडे माल ७६ बरण्यांचा असेल तर मोठं प्रदर्शन तोट्यात जाईल. एवढ्या मालाला दुकान बरं, किंवा भाडं नसलेला आठवडी बाजार. मुंबईत बचत गटांचं महालक्ष्मी सरस प्रदर्शन भरतं, तिथे स्टॉल मिळवायचा असेल तर आधी तीन-चारशे बरण्या तयार हव्यात आणि नुसतं कैरीचं लोणचं नेऊ नका. लिंबू, मिरची, मिक्स असे चार प्रकार असले की एकच गिऱ्हाईक दोन बरण्या उचलतं, आणि उभं राहण्याचा खर्च तोच राहतो.

११० रुपये ऐकून गटात कुणीतरी म्हणेल, कंपनीचं लोणचं याहून स्वस्त मिळतं. खरं आहे. कारखाना कैरी ट्रकने घेतो आणि बरण्या हजारांनी घेतो, त्याच्या भावाला आपण पोचणार नाही. भाव कमी करायचाच असेल तर तेल-मसाल्यात हात आखडू नका, बांधणीत बघा. तीच खेप अर्ध्या किलोच्या ४० बरण्यांत भरली तर बरणी २० रुपयांची धरूनही बरण्यांचे ८००, लेबल-सीलचे १४०, खोक्यांचे १२०, म्हणजे १,०६० होतात. भरायला दोन तास कमी लागतात, म्हणजे मजुरीचे १०० वाचतात. एकूण खर्च ४,८५८ वर येतो. दोन बरण्या वाया धरून ३८ ने भागलं तर अर्ध्या किलोची बरणी १२८ रुपयांना पडते. दहा टक्के नफा आणि दुकानदाराचे २५ टक्के धरून छापील किंमत १९० ठेवता येते. पाव किलोच्या दोन बरण्या घेणाऱ्याला २२० पडले असते. घरच्या आणि गावातल्या गिऱ्हाइकाला हीच बरणी द्या. कमी भावाचं समाधान त्याला मिळतं आणि तुमचा छापील भावही मोडत नाही. पाव किलोची बरणी नवीन गिऱ्हाइकासाठी आणि भेट म्हणून देणाऱ्यांसाठी ठेवा.

प्लास्टिकचं पाऊच आणखी स्वस्त पडतं, पण तेलाच्या लोणच्याला त्याची एक खोड आहे. भरताना तोंडाच्या आतल्या बाजूला तेलाचा थेंब लागला की तिथे सील धरत नाही. हाताला घट्ट लागतं आणि दोन दिवसांनी खोक्याचा तळ तेलकट होतो. रुंद नळीचं नरसाळं, सील करायच्या आधी कोरड्या कापडाने तोंड पुसणं आणि भरलेलं पाऊच रात्रभर कागदावर आडवं ठेवून बघणं, एवढं जमत असेल तरच पाऊचकडे वळा.

तेलाबद्दल वेगळं सांगते, कारण खर्च कमी करा म्हटलं की पहिली कात्री तिथेच लागते. साडेतीनऐवजी अडीच किलो तेल घातलं तर १८० रुपये वाचतात. पण तयार लोणच्याचं वजनही किलोने घटतं, म्हणजे पाव किलोच्या चार बरण्या कमी भरतात. दुकानदाराकडून त्याचे ३३० आले असते. वर फोडी उघड्या पडून बुरशी धरायची भीती. तेलातल्या लोणच्यासाठी नियमच असा आहे की तेल दहा टक्क्यांहून कमी नसावं किंवा वर निदान अर्धा सेंटिमीटर तेलाचा थर असावा.

हा थर भरताना दिसतो आणि आठवड्याने नाहीसा होतो, कारण फोडी तेल पितात. म्हणून लोणचं कालवल्यावर आठ-दहा दिवस मोठ्या बरणीत मुरू द्या. मगच लहान बरण्यांत भरा. बरणी काट्यावर ठेवून काटा शून्य करा, २४० ग्रॅम लोणचं घाला, चमच्याच्या दांड्याने मधली हवा काढा, रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी तापवून पूर्ण गार केलेल्या तेलाचे १० ग्रॅम वर सोडा. काट्यावर नजर ठेवा. “जरा जास्तच असू दे” म्हणून प्रत्येक बरणीत १० ग्रॅम जास्त गेले तर ८० बरण्यांत ८०० ग्रॅम, म्हणजे तीन बरण्या वाटून टाकल्यासारखं होतं. कमी भरणं तर कायद्यानेच गुन्हा.

बरणी परत आली तर ती नीट बघा, ती काय चुकलं ते सांगते. वरच्या फोडींवर पांढरे-हिरवे ठिपके म्हणजे तेल खाली गेलं, किंवा बरणी वा चमचा ओला होता. झाकण फुगलेलं आणि उघडताना फुस्स आवाज म्हणजे मीठ कमी पडून आत आंबणं चालू झालं. ही सगळी खेप दुकानातून उचला, एकदोन बरण्या बदलून भागत नाही. कडवट चव आली तर बहुतेक मेथी करपलेली असते. रंग काळपट पडला तर एकतर तिखटावर कडकडीत तेल ओतलं गेलं, नाहीतर दुकानदाराने बरणी उन्हातल्या फळीवर मांडली. हे ओळखता यावं म्हणून लेबलवर खेप क्रमांक हवाच, आणि प्रत्येक खेपेच्या तीन-चार बरण्या तुमच्याकडे राखून ठेवा. दर महिन्याला त्या बघत गेलात की “किती महिन्यांत वापरावे” हा आकडा अंदाजाने छापावा लागत नाही.

दुकानात ठेवायच्या आधी एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेकडे नोंदणी करा. लहान उत्पादकाला साधी नोंदणी लागते. अर्ज foscos.fssai.gov.in वर होतो आणि १४ अंकी क्रमांक मिळतो, तो लेबलवर छापायचा. शिवाय लोणच्याचं नाव, घटक जास्तीकडून कमीकडे अशा क्रमाने, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत आणि एका ग्रॅमचा भाव, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे, गटाचं नाव, पूर्ण पत्ता, तक्रारीसाठी फोन आणि हिरवा ठिपका. हिंगाची डबी एकदा वाचून बघा. बाजारातल्या बांधानी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. तसं असेल तर “गहू आहे” हे लेबलवर लिहावं लागतं, कारण काहींना गहू चालत नाही.

लेबलच्या दर्शनी भागावर “चविष्ट, रुचकर” असं लिहून जागा घालवू नका, ते सगळ्यांच्याच बरणीवर असतं. “राजापुरी कैरी, शेंगदाणा तेल” एवढंच मोठ्या अक्षरात लिहा, अर्थात दोन्ही खरं असेल तर. बरणीला जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक लेबल फिरवून कोणतं तेल आहे तेच आधी शोधतं. स्टॉलवर चव देताना विक्रीची बरणी उघडू नका. वेगळी बरणी, कोरडा चमचा आणि भाकरीचा लहान तुकडा ठेवा. नुसती फोड तोंडात टाकली की फक्त खारट आणि तिखट लागतं. भाकरीबरोबर मोहरी आणि हिंग कळतात.

दुकानदार म्हणेल, “ताई, ठेवून जा, खपलं की पैसे देतो.” पहिल्या वेळी बाराच बरण्या द्या, त्याहून जास्त नको. दोन प्रतींचं चलन करा: तारीख, खेप क्रमांक, नग, छापील किंमत, त्याचं मार्जिन, पैसे कोणत्या तारखेला. दर पंधरवड्याला एक जण जाऊन उरलेल्या बरण्या मोजेल, विकलेल्यांचे पैसे घेईल आणि तेवढ्याच भरून देईल. फुटलेली बरणी कोणाच्या नावावर आणि मुदत संपत आलेली कोण परत घेणार, हे त्याच कागदावर लिहा. महिन्याभरात बारापैकी आठ गेल्या नाहीत तर त्या दुकानात आणखी माल अडकवू नका. पाच दुकानांत बारा-बारा बरण्या उधार ठेवल्या तर तुमचे ४,३८० रुपये फळ्यांवर बसलेले असतात, आणि कैरीचा हंगाम कोणासाठी थांबत नाही.

त्या हंगामासाठीच एक सुचवते. मे महिन्यात सगळं भांडवल घालून पाचशे बरण्या भरून ठेवायची गरज नाही. कैरी स्वस्त असते तेव्हा फोडी करून खाद्यपदार्थासाठीच्या पिंपात मिठात मुरवून ठेवा. फोडींच्या वजनाच्या निदान १५ ते २० टक्के मीठ घाला आणि वरून वजन ठेवून फोडी खाराखाली बुडालेल्या राहू द्या. तेल, मसाला आणि बरण्या यांचे पैसे तेव्हा लागत नाहीत, आणि मोठा खर्च तोच आहे. मागणी येईल तशी वीस-वीस किलोची खेप कालवा. जास्त मिठात ठेवलेल्या फोडी आधी पाण्यातून काढून, निथळून, फडक्यावर पूर्ण कोरड्या कराव्या लागतात. त्यांचं वजन पुन्हा करा, नव्याने किती मीठ घालायचं ते चव घेऊन ठरवा आणि त्या खेपेचा भाव परत मांडा, कारण फोडींचा उतारा आणि लागलेले तास दोन्ही बदललेले असतील.